‘फ्यू’ की ‘अ फ्यू’, ‘लिटल’ की ‘अ लिटल’ : शून्याकडे जाणारी आणि शून्यापासून दूर नेणारी वाक्ये

द्राक्षांच्या हंगामात नाशिक जिल्ह्यातल्या पॅकहाऊसमधून परदेशी खरेदीदारांना रोज इंग्रजीत ई-मेल जात असतात. गंगापूर रोडवरच्या माझ्या सायंकाळच्या इंग्रजीच्या वर्गात पिंपळगाव बसवंतकडच्या अशाच एका पॅकहाऊसमध्ये काम करणारा एक विद्यार्थी येत असे. एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर तो मागे थांबला आणि त्याने मोबाइलवर स्वतःचा एक जुना ई-मेल मला दाखवला. माल भरण्याआधीच्या तपासणीत काही पेट्यांमधले मणी किंचित मऊ पडलेले आढळले होते, आणि माल पोहोचल्यावर तो भाग आधी विकायला काढावा, हे खरेदीदाराला वेळेत कळावे, म्हणून त्याने अगदी प्रामाणिकपणे लिहिले होते: ‘फ्यू बॉक्सेस हॅव सॉफ्ट बेरीज.’ खरेदीदाराने आभार मानले आणि मालाची स्थिती चांगली असल्याचे वाचून समाधान वाटले, असे उत्तर पाठवले. पुढे माल उतरल्यावर मऊ मण्यांच्या पेट्या निघाल्या, तेव्हा त्याच खरेदीदाराने तक्रार केली की, तुम्ही आम्हाला याची कल्पनाच दिली नव्हती.

‘मॅडम, मी तर आधीच कळवलं होतं,’ असे तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याच्या दृष्टीने ते खरे होते, आणि खरेदीदाराच्या दृष्टीने त्याची तक्रारही खरी होती. ‘काही पेट्यांमध्ये मऊ मणी आहेत’ असे त्याला म्हणायचे होते, परंतु इंग्रजी वाचणाऱ्यापर्यंत पोहोचलेले वाक्य होते, ‘मऊ मणी असलेल्या पेट्या जवळजवळ नाहीतच.’ दोघांमध्ये फरक होता तो फक्त एका ‘अ’चा. ‘अ फ्यू बॉक्सेस हॅव सॉफ्ट बेरीज’ असे लिहिले असते, तर निरोप बरोबर गेला असता.

शाळेत आपण सर्वांनी हा धडा पाठ केलेला असतो. ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीत, ‘अ फ्यू’ म्हणजे काही, ‘द फ्यू’ म्हणजे जे काही थोडे होते ते सर्व. परीक्षेतल्या रिकाम्या जागा आपण त्यावर भरतो, गुणही मिळवतो, आणि नंतर आयुष्यभर ‘आय हॅव फ्यू डाउट्स’, ‘आफ्टर फ्यू डेज’, ‘आय विल बी लिटल लेट’ असे लिहीत राहतो. याचे कारण असे की, मराठीत अशा स्वतंत्र उपपदाची सोयच नाही, त्यामुळे तो ‘अ’ आपल्याला शोभेचा वाटतो, आणि घाईत पहिल्यांदा तोच गळतो. प्रत्यक्षात मात्र या चार शब्दप्रयोगांत वाक्याचा सगळा कल त्या ‘अ’वर अवलंबून असतो. तो कल कसा ओळखावा आणि लिहिताना कोणत्या क्रमाने विचार करावा, हे या लेखात सांगते.

पहिली पायरी : मोजता येते की नाही

ही पायरी सोपी आहे, म्हणून तिच्यावर फार वेळ घालवत नाही. एक, दोन, तीन असे मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ येतात. त्यांच्यापुढचे नाम अनेकवचनी असते आणि क्रियापदही अनेकवचनी असते. पाणी, पैसा, वेळ, साखर, आशा अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ येतात. तिथे नाम आणि क्रियापद एकवचनी राहते.

अडचण येते ती मराठीत मोजता येणाऱ्या, पण इंग्रजीत न मोजता येणाऱ्या शब्दांची. आपण ‘दोन सल्ले’ देतो, ‘चार बातम्या’ ऐकतो, परंतु इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’, ‘न्यूज’, ‘इन्फर्मेशन’, ‘लगेज’ आणि ‘फर्निचर’ हे शब्द मोजले जात नाहीत. म्हणून ‘अ फ्यू ॲडव्हाइसेस’ असे न म्हणता ‘अ लिटल ॲडव्हाइस’ म्हणावे लागते. कधी एकच वस्तू दोन्ही बाजूंना असते. बाजारातून आणलेले चार-सहा कांदे म्हणजे ‘अ फ्यू अनियन्स’, आणि मिसळीवर भुरभुरलेला बारीक चिरलेला कांदा म्हणजे ‘अ लिटल अनियन’. चिरल्याबरोबर तो मोजण्यापलीकडे जातो, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

दुसरी पायरी : संख्या विसरून दिशा पाहणे

आता मुख्य मुद्दा. ‘फ्यू’मध्ये किती आणि ‘अ फ्यू’मध्ये किती, असा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. तीनपर्यंत ‘फ्यू’ आणि तीनच्या पुढे ‘अ फ्यू’ असा काही नियम असेल, असे पुष्कळांना वाटते. असा नियम नाही. दोन्हींची संख्या अगदी एकच असू शकते.

जुलैमधली एक धो धो पावसाची संध्याकाळ घ्या. तीस जणांच्या वर्गात सहाच जण आले आहेत. मी वर्ग रद्द केला, तर घरी जाऊन म्हणेन, ‘फ्यू स्टुडंट्स केम, सो आय कॅन्सल्ड द क्लास.’ मी वर्ग घेतला, तर म्हणेन, ‘अ फ्यू स्टुडंट्स केम, सो आय टॉट देम.’ दोन्ही वेळी समोर बसलेली मुले सहाच होती. बदलले ते एवढेच की, पहिल्या वाक्यात मी न आलेल्या चोवीस जणांकडे पाहत होते आणि दुसऱ्या वाक्यात आलेल्या सहा जणांकडे. ‘फ्यू’ ऐकणाऱ्याचे लक्ष शून्याकडे ओढतो आणि ‘अ फ्यू’ तेच लक्ष शून्यापासून दूर नेतो. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांचेही तसेच आहे.

मराठीत उपपद नसले, तरी हे काम करणारे साधन आपल्या तोंडी रोज असते, आणि ते म्हणजे शब्दाला चिकटणारा ‘च’. ‘थोडे लोक आले होते’ आणि ‘थोडेच लोक आले होते’ ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यात लोक आले होते, ही माहिती आहे. दुसऱ्यात लोक आले नाहीत, ही खंत आहे. म्हणजे इंग्रजी जिथे ‘अ’ काढून टाकते, तिथे मराठी ‘च’ जोडते. आपल्याला गोंधळायला होते त्याचे मूळ इथेच आहे: आपल्या भाषेत उणेपणा दाखवायला शब्द वाढतो आणि इंग्रजीत तो कमी होतो. साधे, बिनशेपटीचे ‘फ्यू’ आपल्याला साध्या ‘थोडे’सारखे वाटते, पण ते असते ‘थोडेच’.

या ‘च’ची ताकद किती आहे, हे ‘तो थोडाच ऐकणार आहे!’ या वाक्यात दिसते. इथे तो थोडे ऐकेल, असा अर्थ कोणीही घेत नाही. तो मुळीच ऐकणार नाही, असाच घेतो. ‘थोडा’ला ‘च’ लागला आणि वाक्य थेट शून्यावर जाऊन बसले. इंग्रजीतही नेमके असेच घडते. ‘लिटल डिड आय नो’ हा प्रयोग अनेकांना अवघड वाटतो, परंतु तो आपल्या ‘मला थोडेच माहीत होते!’ याचा सख्खा भाऊ आहे. त्यात ‘अ’ घालून पाहिले, तर वाक्य उभेच राहत नाही.

म्हणून लिहिण्यापूर्वी मनात मराठी वाक्य पूर्ण करावे आणि त्यात ‘थोडेच’, ‘फारसे नाही’, ‘जेमतेम’, ‘मोजकेच’ यांपैकी काही बसते का, ते पाहावे. बसत असेल, तर ‘अ’ नको. त्याऐवजी ‘थोडे तरी’, ‘काही’, ‘दोन-चार’, ‘जरासे’ बसत असेल, तर ‘अ’ हवाच. ‘मला दोन-चार शंका विचारायच्या आहेत’ असे मनात असेल, तर ‘आय हॅव अ फ्यू क्वेश्चन्स’ असे लिहावे. ‘अ’ गाळला, तर वाक्याचा अर्थ होतो ‘मला फारशा शंका नाहीत’, आणि मग समोरचा माणूस उत्तर द्यायला बसणारच नाही. ‘डाउट’ हा शब्द आपल्याकडे ‘प्रश्न’ या अर्थाने चालतो, पण भारताबाहेरच्या वाचकाला तो अविश्वासासारखा वाटू शकतो, म्हणून मी मुद्दाम ‘क्वेश्चन्स’ लिहिले आहे.

तिसरी पायरी : गोष्ट हवीशी आहे की नकोशी

इथे शाळेतला धडा बहुतेकांना चुकीच्या वाटेने नेतो. ‘फ्यू’ म्हणजे निराशा आणि ‘अ फ्यू’ म्हणजे आशा, असे शिकवले जाते. मित्र, पैसा, पाणी, वेळ अशा हव्याशा गोष्टींबाबत ते खरे ठरते, कारण हवीशी गोष्ट शून्याकडे गेली की वाईट वाटते. उन्हाळ्यात गंगापूर धरणाविषयी ‘देअर इज लिटल वॉटर इन द डॅम’ असे म्हटले, तर ऐकणाऱ्याला पाणीकपातीची आठवण होईल; ‘देअर इज अ लिटल वॉटर’ म्हटले, तर अजून काही दिवस निभावेल, असे वाटेल.

पण गोष्ट नकोशी असली, की भावना उलटते. तुमच्या निबंधाविषयी मी ‘देअर आर फ्यू मिस्टेक्स’ असे म्हटले, तर ती शाबासकी आहे, कारण चुका शून्याच्या जवळ आहेत. ‘देअर आर अ फ्यू मिस्टेक्स’ असे म्हटले, तर वही परत घेऊन बसावे लागेल. डास, खड्डे, तक्रारी, ताप, उशीर या सगळ्यांना हेच लागू होते. म्हणून ‘फ्यू’ला दुःख आणि ‘अ फ्यू’ला आनंद असे चिकटवून ठेवू नये, ‘फ्यू’ला शून्याची दिशा चिकटवावी. ती दिशा आपल्याला हवी होती की नको होती, यावरून वाक्याची भावना आपोआप ठरते.

आता सुरुवातीचा ई-मेल पुन्हा वाचा. मऊ मणी ही नकोशी गोष्ट होती. नकोशी गोष्ट शून्याच्या जवळ आहे, असे वाचल्यावर खरेदीदाराला दिलासाच मिळणार होता, आणि त्याने आभार मानले ते त्यामुळेच. तक्रार, दोष, नुकसान किंवा आजार कळवताना ‘अ’ गळणे सर्वांत महाग पडते ते याच कारणाने: इशारा देण्यासाठी लिहिलेले वाक्य दिलासा देऊन जाते, आणि वाचणाऱ्याला त्यात काही खटकतही नाही, कारण ‘अ’शिवायचे वाक्यही व्याकरणदृष्ट्या शुद्धच असते. स्पेलिंग तपासणारी यंत्रणा अशा वाक्याखाली लाल रेघ ओढेलच, असा भरवसा म्हणूनच ठेवता येत नाही.

मी त्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट सुचवली, जी ‘अ’पेक्षाही अधिक उपयोगी आहे. व्यवहाराच्या पत्रात आकडा माहीत असेल, तर ‘अ फ्यू’वर थांबू नये. ‘तपासलेल्या 40 पेट्यांपैकी 5 पेट्यांमध्ये’ असे लिहिले, की दिशेचा प्रश्नच उरत नाही. ‘अ फ्यू’ हा शब्दप्रयोग आकडा माहीत नसतानाचा किंवा आकड्याची गरज नसतानाचा आहे.

अनेकवचनापुढे ‘अ’ कसा काय?

हा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो अतिशय योग्य आहे. ‘अ’ म्हणजे एक, आणि ‘फ्यू बॉक्सेस’ तर अनेक. मग दोन्ही एकत्र कसे नांदतात? इंग्रजीतला ‘अ’ हा मुळात ‘एक’ या अर्थाच्याच जुन्या शब्दापासून झिजून तयार झाला आहे. ‘अ फ्यू’मध्ये तो पेट्यांना उद्देशून येत नाही, तर त्या सगळ्यांच्या मिळून झालेल्या एका छोट्या गठ्ठ्याला उद्देशून येतो, जसा तो ‘अ हंड्रेड पीपल’ किंवा ‘अ डझन एग्ज’मध्ये येतो.

मराठी माणसाला हे परके वाटायला नको. ‘एक दहा-बारा लोक असतील’ असे आपण सहज म्हणतो. लोक दहा-बारा, आणि तरी त्यांच्यापुढे ‘एक’! ‘शंभरेक’, ‘पन्नासेक’ यांच्या शेवटीही हाच ‘एक’ चिकटलेला आहे. तो ‘एक’ काही लोकांना अंदाजाने एका मुठीत धरतो. ‘अ फ्यू’मधला ‘अ’ तशीच मूठ वळतो, आणि मूठ वळली, म्हणजे हातात काहीतरी आहे, हे ओघानेच आले. ‘फ्यू’मध्ये मूठ वळलेलीच नाही, म्हणून तिथे रिकामा हात दिसतो.

चौथी पायरी : लिहिलेले वाक्य पारखणे

वाक्य लिहून झाल्यावर ते आपल्याला हवे त्या दिशेला जाते आहे की नाही, हे तपासायचे दोन उपाय मी वर्गात वापरते.

पहिला उपाय अदलाबदलीचा आहे. ‘फ्यू’ किंवा ‘लिटल’च्या जागी ‘हार्डली एनी’ घालून वाक्य वाचावे. म्हणायचे होते तेच राहिले, तर ‘अ’ नसणे बरोबर आहे. अर्थ उलटा झाला, तर त्या जागी ‘सम’ घालून वाचावे. ते जुळले, तर ‘अ’ राहून गेला आहे, असे समजावे. ‘हार्डली एनी बॉक्सेस हॅव सॉफ्ट बेरीज’ हे वाक्य त्या विद्यार्थ्याने एकदा तरी वाचले असते, तर पुढचा प्रसंग टळला असता.

दुसरा उपाय शेपटीच्या प्रश्नाचा आहे, आणि ‘फ्यू’ मनातून नकारार्थी कसा असतो, हे त्यातून अगदी स्पष्ट दिसते. इंग्रजीत होकारार्थी वाक्याच्या शेवटी नकारार्थी शेपटी लागते आणि नकारार्थी वाक्याला होकारार्थी. ‘अ फ्यू पीपल नो धिस’ याची शेपटी ‘डोन्ट दे?’ अशी होते. परंतु ‘फ्यू पीपल नो धिस’ याची शेपटी ‘डू दे?’ अशी होते. वाक्यात ‘नॉट’ कुठेही दिसत नाही, आणि तरीही इंग्रजी त्याला नकार म्हणूनच वागवते. याच कारणाने ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ यांच्यासोबत ‘एनी’ आणि ‘एव्हर’ सहज बसतात: ‘फ्यू शॉप्स हॅड एनी स्टॉक.’ ‘अ फ्यू शॉप्स’ म्हटले, तर तिथे ‘सम स्टॉक’ म्हणावेसे वाटते. आपल्या ‘फारसे’ या शब्दाचा स्वभाव असाच आहे. ‘फारसे लोक आले’ असे आपण म्हणत नाही, ‘फारसे लोक आले नाहीत’ असेच म्हणतो. फरक इतकाच की, मराठीत तो ‘नाहीत’ उघड उच्चारावा लागतो आणि इंग्रजीत तो ‘फ्यू’च्या पोटात असतो.

नामाशिवाय येणारा ‘लिटल’

‘लिटल’ केवळ नामापुढे येत नाही, तो विशेषणापुढेही येतो, आणि तिथली चूक अधिक बोचरी असते. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील रुग्णालयात होते. तिने परदेशात वाढलेल्या आपल्या वहिनीला रोजची हकीकत कळवताना एके दिवशी लिहिले, ‘बाबा इज लिटल बेटर टुडे.’ तिला म्हणायचे होते की, आज बाबांना जरा बरे आहे. वहिनीने वाचले की, बाबांच्या प्रकृतीत म्हणावी तशी सुधारणा नाही, आणि ती घाबरून मध्यरात्री फोन करून बसली. ‘अ लिटल बेटर’ म्हणजे थोडे बरे. ‘लिटल बेटर’ म्हणजे पूर्वीपेक्षा फारसे बरे नाही. प्रकृतीविषयी लिहिताना हा ‘अ’ आवर्जून जपावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

‘अ लिटल लेट’, ‘अ लिटल टायर्ड’, ‘अ लिटल एक्स्पेन्सिव्ह’ या सगळ्यांत ‘जरा’ हा अर्थ आहे, म्हणून सगळीकडे ‘अ’ हवा. ‘आय विल बी लिटल लेट’ हे आपल्याकडे इतके रुळले आहे की, भारतात कोणी अडत नाही. पण ते रुळलेले आहे, बरोबर नाही. एक सावधगिरी मात्र हवी: ‘लिटल’चा ‘लहान’ हा अर्थ वेगळा आहे. ‘अ लिटल हाउस’मधला ‘अ’ घराचा आहे, प्रमाणाचा नाही, आणि त्या जागी हा सगळा विचार करायचा नाही.

सोबतच्या शब्दांनी बदलणारा कल

काही शब्द पुढे आले, की ‘अ’ असूनही किंवा नसूनही कल बदलतो. ‘ओन्ली अ फ्यू’ आणि ‘ओन्ली अ लिटल’ यांत ‘अ’ असतो, पण ‘ओन्ली’ त्यांना पुन्हा शून्याकडे वळवतो. बोलण्यात नुसत्या ‘फ्यू’पेक्षा हेच जास्त ऐकू येते, कारण नुसते ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ जरा लेखी, औपचारिक वाटतात. रोजच्या बोलण्यात इंग्रजी माणूस बहुधा ‘नॉट मेनी’ आणि ‘नॉट मच’ म्हणतो. ज्याला ‘अ’च्या या भानगडीत पडायचे नसेल, त्याने बोलताना हीच वाट धरावी. याउलट, ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे ‘अगदी थोडे’ असे पुष्कळांना वाटते. त्याचा खरा अर्थ ‘बरेच’ असा आहे.

‘व्हेरी’, ‘टू’ आणि ‘सो’ यांच्यानंतर ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ सहसा ‘अ’शिवाय येतात आणि शून्याकडेच जातात. ‘द लास्ट फ्यू डेज’, ‘द नेक्स्ट फ्यू वीक्स’, ‘एव्हरी फ्यू आवर्स’ यांत मात्र ‘फ्यू’च्या लगेच आधी ‘अ’ नसूनही उणेपणा नाही. तिथली मूठ आधीच्या शब्दानेच वळलेली असते. परंतु असा आधार नसताना ‘आफ्टर फ्यू डेज’ किंवा ‘फ्यू मंथ्स बॅक’ असे लिहिणे ही आपली खास चूक आहे. तिथे ‘आफ्टर अ फ्यू डेज’ आणि ‘अ फ्यू मंथ्स अगो’ असेच हवे.

बोलताना

लिहिण्यात ‘अ’ दिसतो, बोलण्यात तो जवळजवळ गिळला जातो. म्हणून इंग्रजी ऐकताना ‘अ’ शोधू नये, जोर कुठे आहे, ते ऐकावे. ‘फ्यू पीपल केम’ म्हणताना बोलणारा ‘फ्यू’वर जोर देतो, कारण सगळी तक्रार त्या शब्दात असते. ‘अ फ्यू पीपल केम’ म्हणताना ‘अफ्यू’ एका दमात, हलकेच निघून जाते आणि जोर ‘पीपल’ किंवा ‘केम’वर पडतो. आपण बोलताना ‘अ’चा उच्चार ‘ए’ असा लांबवतो, तो तसा न करता ‘अ’ आणि ‘फ्यू’ एकच शब्द असल्यासारखे म्हणावेत. सवय झाली, की लिहितानाही हात आपोआप ‘अ’ टाकतो, असे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिले आहे.

पाचवी पायरी : पाठवण्यापूर्वीची झडती

महत्त्वाचा ई-मेल पाठवण्यापूर्वी मजकुरात `few` आणि `little` हे शब्द शोधावेत आणि प्रत्येकाच्या डावीकडचा शब्द पाहावा. तिथे ‘अ’, ‘द’, ‘व्हेरी’, ‘लास्ट’, ‘नेक्स्ट’ किंवा ‘एव्हरी’ असेल, तर अर्थ एकदा वाचून पुढे जावे. तिथे क्रियापद असेल, ‘आफ्टर’ किंवा ‘इन’सारखा शब्द असेल किंवा वाक्याची सुरुवातच असेल, तर थांबून ‘हार्डली एनी’ घालून पाहावे. एका पानाच्या पत्राला या कामी मिनिटभरही लागत नाही.

शेवटी एक छोटा निरोप सोबतच करून पाहू. समजा, नाशिकहून कोणाला तरी असे कळवायचे आहे: ‘गेले काही दिवस इथे पाऊस आहे. धरणात अजून फारसे पाणी नाही, पण कालपासून पातळी जराशी वाढली आहे. रस्त्यावर थोड्याच गाड्या आहेत, त्यामुळे मी वेळेवर पोहोचेन. मला दोन-चार प्रश्न विचारायचे आहेत. माझ्याकडे होते नव्हते तेवढे कागद सोबत आणत आहे.’

पहिल्या वाक्यात ‘फॉर द लास्ट फ्यू डेज’ येईल. ‘द लास्ट’ आहे, म्हणून वेगळा ‘अ’ नको. दुसऱ्या वाक्यात ‘फारसे नाही’ आहे, म्हणून ‘देअर इज स्टिल लिटल वॉटर इन द डॅम’, आणि पाणी मोजता येत नाही, म्हणून ‘लिटल’. त्याच वाक्यातल्या ‘जराशी’ला ‘अ’ हवा: ‘द लेव्हल हॅज गॉन अप अ लिटल.’ गाड्यांना ‘थोड्याच’मधला ‘च’ आहे, म्हणून ‘देअर आर फ्यू कार्स ऑन द रोड’. गर्दी ही नकोशी गोष्ट असल्यामुळे हे वाक्य तक्रारीचे न होता समाधानाचे होते, आणि पुढचे ‘सो आय विल बी ऑन टाइम’ त्याला नीट जुळते. इथे चुकून ‘अ’ घातला, तर वाक्य गाड्या असल्याचे सांगू लागते आणि ‘सो’ने जोडलेले वेळेवर पोहोचणे त्याच्याशी जुळत नाही, वाक्ये अशी एकमेकांना ढकलू लागली, की ‘अ’ चुकला आहे, असे ओळखावे. प्रश्न ‘दोन-चार’ आहेत, म्हणून ‘आय हॅव अ फ्यू क्वेश्चन्स’. उरले ते कागद. ‘होते नव्हते तेवढे’ यात दोन गोष्टी आहेत, कागद थोडे आहेत आणि त्यांतला एकही मागे ठेवलेला नाही. इंग्रजीत या दोन्ही गोष्टी ‘द’ सांगतो: ‘आय ॲम ब्रिंगिंग द फ्यू पेपर्स आय हॅव.’